शाळेत रोज घालायला चार कुर्ते: डाग लपवणारं, न चुरगळणारं कापड कोणतं घ्यावं? (नाशिक)

मृण्मयी_इंदिरानगर
नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. इंदिरानगरहून स्कूटीने गिरणारे रस्त्याने जाते. त्या बाजूला पाऊस शहरापेक्षा बराच जास्त असतो आणि रस्त्याची कामं चालूच असतात, त्यामुळे शाळेत पोचेपर्यंतच कपड्यांची अर्धी परीक्षा झालेली असते. मग फळा आणि खडू, दुपारी खिचडीची चव बघणं आणि मुलांना वाढताना उभं राहणं, त्यानंतर लाल पेनने वह्या.

जूनपासून मला फक्त चार कुर्ते आणि दोन सलवारी किंवा पॅन्टी इतकंच फिरवून घालायचं आहे. रोज सकाळी कपाटासमोर उभं राहायला वेळ नसतो आणि इस्त्री रविवारी एकदाच होते. तेच तेच कपडे दिसले तरी माझी हरकत नाही, पण मुलांसमोर गबाळी बाई उभी राहिलेली मला चालत नाही. तयार कुर्ते अंगाला नीट बसत नाहीत म्हणून कापड घेऊन शिवून घेणार आहे. कापड आणि रंग कोणते घ्यावेत?

सुजाता_पंचवटी
सोपं आहे. गडद रंग घ्या. नेव्ही ब्लू, काळा, गडद वाईन. गडद रंगावर कसलाही डाग दिसत नाही. आणि कापड शंभर टक्के सुतीच घ्या, आपल्या हवेला दुसरं काही चालत नाही. मी बँकेत आहे, माझे काळे-निळे कुर्ते वर्षानुवर्षं नवे दिसतात.

नितीन_सातपूर
आमच्या मुलाच्या शाळेने यंदा पांढरा शर्ट केला आहे. पहिल्याच आठवड्यात शाई आणि भाजी. शाळांनी गणवेश ठरवताना हा विचार करायला नको का? शिक्षकांनीच हा विषय पालकसभेत मांडावा असं मला वाटतं.

मृण्मयी_इंदिरानगर
नितीनदादा, प्रश्न माझ्या स्वतःच्या कपड्यांचा आहे, मुलांच्या गणवेशाचा नाही. पण पांढऱ्या शर्टाबद्दल तुमचं म्हणणं पटतं.
सुजाताताई, गडद रंगाबद्दल मी साशंक आहे. माझ्याकडे एक गडद निळा कुर्ता आहे. दुसऱ्या तासापर्यंत उजवी बाही कोपरापर्यंत पांढरी होते.

थानवाले_काका
मृण्मयीताई, माझं सगळं आयुष्य मेन रोडवर कापडाच्या दुकानात गेलं. शिक्षिका आमच्याकडे मे महिन्यात येतात आणि बहुतेक जणी एकच प्रश्न विचारतात: डाग न दिसणारा रंग कोणता? तसा एक रंग नाही. कुठला डाग अंगावर कुठे पडतो ते आधी बघायचं आणि त्या त्या जागेसाठी रंग निवडायचा.

खडू पांढरा आहे. तो गडद रंगावर दिसतो, फिक्यावर लपतो. तो पडतो उजव्या बाहीवर, उजव्या खांद्यापासून छातीपर्यंत, आणि डस्टर मारताना समोर. म्हणजे वरच्या अर्ध्यात. चिखल नेमका उलट, सलवारीच्या मागच्या बाजूला घोट्यापासून पोटरीपर्यंत. तिथे फिका रंग घेतला की पहिल्या पावसातच बाद. चहा-खिचडी पडते पोटाच्या खाली, मांडीवर. शाई बहुतेक उजव्या बाहीच्या कडेला आणि खिशाजवळ.

म्हणून कुर्ता मध्यम ते फिका, सलवार किंवा पॅन्ट मध्यम ते गडद. बँकेत खडू नाही, त्यामुळे सुजाताताईंचा अनुभव त्यांच्या जागी खरा आहे.

सुजाता_पंचवटी
खडूचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, बरोबर. पण फिका कुर्ता घेतला आणि हळदीचा डाग पडला तर काय करायचं? खिचडीत हळद असतेच. तो डाग शंभर फुटांवरून दिसतो.

थानवाले_काका
म्हणूनच एकरंगी फिकं नको म्हणतो. कुठल्याही सपाट, एकरंगी कापडावर डाग उठून दिसतो, कारण त्याला स्वतःची कड मिळते. पिस्ता रंगाच्या सपाट पॉपलीनवर मुगाच्या डाळीएवढा थेंबही लगेच डोळ्यात भरतो. तोच थेंब दोन रंगांच्या सुतांत विणलेल्या कापडावर पडला तर नजरेला त्याची कड सापडत नाही.

दुकानात असं कापड ओळखायचं कसं? थानाची मोकळी कड हातात घ्या आणि दोन-चार धागे उसवून बघा. उभा धागा राखाडी आणि आडवा बदामी असेल, किंवा एक निळा आणि एक पांढरा, तर ते कापड तुमच्या कामाचं. दुरून एकच रंग दिसतो, जवळून बारीक ठिपके-ठिपके दिसतात. दोन्ही धागे एकाच रंगाचे असतील तर ते सपाट कापड आहे, नुसत्या पोताला भुलू नका.

तुमच्यासाठी मी बदामी-राखाडी, मातकट गुलाबी, फिका आमसुली आणि निळा-पांढरा असे चार सुचवेन. हळदीसाठी बदामी आणि मातकट चांगले. खडूसाठी चारही.

हायस्कूल_सर
काका, कुर्त्याच्या रंगाबाबत एक गोष्ट इथे नोंदवतो. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. महिलांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. पुरुषांसाठी शर्ट आणि पॅन्ट, शर्ट खोचलेला. शर्ट फिक्या रंगाचा आणि पॅन्ट गडद. जीन्स आणि टी-शर्ट नको. गडद रंगाचे आणि चित्रविचित्र नक्षीकामाचे कपडेही नकोत असं त्यात आहे. म्हणजे तुमची वर फिकं, खाली गडद ही मांडणी नियमातही बसते.

माझी स्वतःची अडचण वेगळी आहे. आमच्याकडे पांढरा बोर्ड आणि मार्कर आहे. खडूचा त्रास गेला, पण फिक्या शर्टाच्या खिशाखाली काळा-निळा डाग हमखास. आणि दुपारनंतर पाठ आणि काखा घामाने ओल्या दिसतात. फिका राखाडी शर्ट तर अजिबात चालत नाही, तो सगळ्यात जास्त ओला दिसतो. काका राखाडी सुचवतात म्हणून विचारतो.

थानवाले_काका
सर, चांगला मुद्दा काढलात. सपाट फिका राखाडी घामाला सर्वांत वाईट, यात शंका नाही. कोरडा आणि ओला यांतला फरक त्या रंगात फार मोठा पडतो. पण दोन सुतांच्या बदामी-राखाडीत तो बराच कमी होतो.

यावर दुकानात करायची एक परीक्षा आहे, कुठलाही चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही. थानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. तो कापडात शिरेपर्यंत थांबा आणि हातभर अंतरावरून बघा. ओला गोल ठळक दिसला तर तो रंग घामालाही तसाच दिसणार. थेंब शिरायलाच तयार नसेल, वर मोत्यासारखा बसून राहिला, तर त्या कापडात पॉलिस्टर फार आहे किंवा वर फिनिश आहे. फिनिश असेल तर ते धुतल्यावर जातं, म्हणून शंका असल्यास तुकडा घरी नेऊन धुवून पुन्हा बघा.

मृण्मयी_इंदिरानगर
हे फार कामाचं आहे. आता चुरगळण्याबद्दल सांगा. स्कूटीवर अर्धा तास बसले की कुर्त्याची मागची बाजू पूर्ण चुरगळलेली असते. वर्गात पाठ करून फळ्यावर लिहिताना तेच मुलांना दिसतं. शंभर टक्के सुती घेऊ की मिक्स?

सुजाता_पंचवटी
मिक्स घेऊ नका हो. एप्रिल-मेमध्ये अंगाला चिकटतं, वास येतो. सुतीला खळ दिली की ताठ राहतं.

अनघा_देवळाली
खळीबद्दल थोडं वेगळं मत. मी साडीवाली आहे, मंगलगिरी आणि नारायणपेठ रोज नेसते. खळ दिलेलं सुत उभं असताना सुंदर दिसतं. पण एकदा त्यावर बसून घडी पडली की ती घडी करकरीत, दिवसभर जात नाही. बिनखळीच्या सुताची सुरकुती निदान मऊ असते. आणि पावसाळ्यात भिजलं की खळ चिकट होते. मी जून ते सप्टेंबर खळ पूर्ण बंद ठेवते, दिवाळीनंतर हलकी सुरू करते.

थानवाले_काका
अनघाताई म्हणतात ते बरोबर. सुताची सुरकुती पडते ती नुसत्या दाबाने नाही. घामाची ओल, अंगाची ऊब आणि वर वजन, तिन्ही एकत्र आले की धागा वाकतो आणि वाळताना तसाच बसतो. इस्त्रीत आपण हेच करतो, फक्त आपल्याला हवं तसं सपाट. स्कूटीच्या सीटवर तेच नको तसं होतं. पॉलिस्टर पाणी फारसं पीतच नाही म्हणून ते तसं वाकत नाही. त्यामुळे मिक्समध्ये सुरकुती कमी, पण घामही कमी शोषला जातो. दोन्ही गुण पूर्ण असलेलं कापड माझ्या हातात कधी आलं नाही.

जुन्या टेरीकॉटमध्ये साधारण दोन हिस्से पॉलिस्टर आणि एक हिस्सा सूत असायचं. ते पॅन्टीला उत्तम, अंगातल्या कुर्त्याला मे महिन्यात जड. कुर्त्यासाठी सुताचा हिस्सा निम्म्याहून जास्त असलेलं कापड मागा. दुकानदार तोंडी काहीही सांगेल, थानाच्या कडेला किंवा चिठ्ठीवर छापलेलं वाचा.

आणि मुठीची परीक्षा करा. थानाचं टोक मुठीत घट्ट धरा, तीस आकडे मोजा, सोडा. आता लगेच निर्णय घेऊ नका, आणखी एक मिनिट तसंच ठेवा. लगेच उलगडणारं कापड मिक्स असतं. मिनिटभरात अर्ध्या सुरकुत्या सोडणारं कापड शाळेला चालेल. जसंच्या तसं चुरगळलेलं राहिलं तर ते रोज इस्त्री मागणार. लिनन आणि साधं रेयॉन इथेच नापास होतात. रेयॉन हातात फार गोड लागतं, म्हणून तयार कुर्ते बहुतेक त्याचेच असतात, पण ते चुरगळतं आणि धुतल्यावर आखडतं.

वंदना_शिवणकाम
मी सिडकोत शिवणकाम करते, शिक्षिकांचे ड्रेस दरवर्षी माझ्याकडे असतात. कापड कितीही चांगलं घेतलं तरी शिवण चुकली तर सुरकुत्या पडणारच. पोटावर आणि कमरेवर आडव्या सुरकुत्या पडतात त्या कापडामुळे नाही, कुर्ता सीटला तंग असल्यामुळे पडतात. उभं राहून माप घेतलं की हे कळत नाही. माझ्याकडे मी बाईंना खुर्चीत बसवून सीटचं माप पुन्हा घेते. बसल्यावर दोन्ही बाजूंना मिळून निदान तीन इंच सैल हवं.

स्कूटीवाल्यांसाठी दुसरी गोष्ट. बाजूचा कट कमरेच्या हाडापर्यंत उंच ठेवायला सांगा. मग बसताना मागचा पल्ला उचलून बाजूला घेता येतो, अंगाखाली दाबला जात नाही. यासाठी पॅन्ट थोडी सैल आणि जाडसर हवी, नाहीतर संकोच वाटतो. माझ्या बाया म्हणतात की यानेच सगळ्यात जास्त फरक पडला.

बाही पाऊण ठेवा, मनगटाच्या चार बोटं वर. पूर्ण बाहीची कड फळ्याला आणि वह्यांना घासते. आणि कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढाच. गळ्यात घालतो ते कॅनव्हाससुद्धा. नाहीतर पहिल्या धुण्यात कॅनव्हास एका मापाने आखडतं, कापड दुसऱ्या मापाने, आणि गळ्याला फुगे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत.

अनघा_देवळाली
वंदनाताई, साडीच्या फॉलचंही अगदी हेच. सुती फॉल न धुता लावला की पहिल्या धुण्यात आखडून साडीची खालची कड चुण्यांची होते. मी फॉल रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच शिवायला देते.

मृण्मयी, साडीचा विचार अजिबात नाही का? चार साड्या आणि दोन परकर. साडीला मापाचा प्रश्न नाही आणि निऱ्या पडल्या की मांडीवरचा डाग घडीत जातो. उद्या उलट्या बाजूने निऱ्या घातल्या की डाग आत.

मृण्मयी_इंदिरानगर
अनघाताई, साडी मला आवडते, पण त्या रस्त्यावर स्कूटीवर पावसात मला जमत नाही. साडी गार्ड लावून बघितलं होतं. तरी खालची कड रोज चिखलाची.

थानवाले_काका
साडी की ड्रेस यावर मी काही बोलणार नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. फक्त एक सांगतो, स्कूटीवर दुपट्टा मोकळा ठेवू नका. पिन लावून, गाठ मारून जाकिटाच्या आत. चाकात गेल्याच्या गोष्टी मी दुकानात फार ऐकल्या आहेत.

हायस्कूल_सर
प्रिंटबद्दल कुणी बोललं नाही. डाग लपवायला सर्वांत चांगलं कापड म्हणजे भरगच्च प्रिंटचं, बगरू किंवा अजरख. माझी पत्नी शिक्षिका आहे, तिचे दोन अजरख कुर्ते आहेत, त्यांवर काय सांडलं हे कधी कळतच नाही. पण तिच्या शाळेत ते चालत नाहीत असं सांगितलं गेलं. दुसऱ्या शाळेत तेच चालतात. शासन निर्णयातल्या 'चित्रविचित्र' मध्ये अजरख येतं का?

वंदना_शिवणकाम
प्रत्येक मुख्याध्यापकांचा अर्थ वेगळा. माझ्या बायांना मी सांगते की कापड घेण्याआधी फोनवर फोटो काढून दाखवा, मग शिवा. लहान बुटीचं, एकसारखं पसरलेलं प्रिंट सहसा अडत नाही. पण मोकळ्या फिक्या जमिनीवर लांब लांब बुट्या असतील तर डाग बरोबर मोकळ्या जागेत पडतो आणि उगाच आणखी एक बुटी झाल्यासारखा दिसतो.

मृण्मयी_इंदिरानगर
आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं. प्रिंट नको, बारीक चौकडी चालेल म्हणाले. म्हणून अजरख बाद.

आज मेन रोड आणि कानडे मारुती लेनला जाऊन आले. काय झालं ते सविस्तर लिहिते, कुणाला उपयोग होईल.

पहिल्या दुकानात दुकानदारांनी फिका पिस्ता सुती पॉपलीन समोर टाकलं. धागे उसवले, दोन्ही पिस्ताच. मुठीतून सोडलं तर कागदासारखं चुरगळलेलं. ठेवून दिलं. दुसरं निळं-पांढरं होतं, चिठ्ठीवर साठ टक्के सूत, चाळीस पॉलिस्टर. मुठीच्या परीक्षेत मिनिटभरात बहुतेक सुरकुत्या गेल्या, थेंबाचा गोल दिसला पण मंद. ते घेतलं. तिसरं बदामी-राखाडी, हाताला थोडं खरखरीत, पूर्ण सुती पण धागे जाड-बारीक असल्यामुळे सुरकुती पडली तरी पोतातच मिसळते. थेंब जवळजवळ दिसलाच नाही. तेही घेतलं. चौथा एक मऊ राखाडी निटिंगचा तुकडा दाखवला, थेंब टाकताच काळा गोल. सरांची आठवण झाली, तो परत दिला.

मातकट गुलाबी दुसऱ्या दुकानात मिळाला, साठ-चाळीसच. चौथ्यासाठी फिका आमसुली हवा होता, तो दोन सुतांत कुठेच मिळाला नाही. त्याऐवजी राखाडी आणि विटकरी बारीक चौकडी घेतली. प्रत्येकी अडीच मीटर आणि पाव मीटर जास्त. पॅन्टीसाठी टेरीकॉट, एक सिमेंटी करडा आणि एक मातकट तपकिरी. दोन्ही पॅन्टी चारही कुर्त्यांवर चालतात हे दुकानात कापडं एकमेकांवर ठेवून बघितलं.

थानवाले_काका
छान निवड. पाव मीटर जास्त घेतलंत ते फार बरं केलंत. त्याचा चौकोनी तुकडा कापून ठेवा, प्रत्येक धुण्यात कुर्त्याबरोबर धुवा. कुठल्याही डागावर काही लावायचं असेल तर आधी त्या तुकड्यावर करून बघा. कुर्त्याएवढाच धुतलेला असल्यामुळे तो खरा निकाल देतो, नवा तुकडा देत नाही.

सुजाता_पंचवटी
मग आता डाग पडल्यावर काय करायचं तेही काका सांगा. मी तर ओल्या हाताने लगेच पुसते.

थानवाले_काका
खडूवर ओला हात कधीच नाही. कोरडी पूड झटकली की जाते, ओली केली की तिचा लेप होऊन धाग्यांत बसतो आणि वाळल्यावर पांढरे फराटे उमटतात. पिशवीत कपड्याचा कोरडा ब्रश ठेवा, फराफरा नको, वरून खाली एकाच दिशेने.

चिखलाचंही तसंच. पूर्ण वाळू द्या, चुरा झाडा, मगच पाणी. ओला चोळला तर आपली काळी माती धाग्याच्या आत जाते.

खिचडीच्या डागात दोन गोष्टी असतात, तेल आणि हळद. आधी तेल काढायचं. कोरड्या डागावरच भांड्यांच्या लिक्विडचा थेंब बोटाने लावा, पाच-दहा मिनिटं ठेवा, मग गार पाण्याने धुवा. तुमच्या मिक्स कापडात पॉलिस्टर आहे, ते तेल धरून ठेवतं, म्हणून हे त्याच दिवशी झालं पाहिजे. हळद साबणाने लाल होते, घाबरू नका, खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळी होते. उरलेला पिवळा भाग ओला असतानाच उन्हात धरा. डागाचीच बाजू उन्हाकडे, बाकीचा कुर्ता आत दुमडून, नाहीतर कुर्त्याचा रंग उडेल. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही. इस्त्रीच्या उष्णतेने हळद आणि चहा पक्के बसतात.

हायस्कूल_सर
मार्कर आणि बॉलपेनला सॅनिटायझर चालतो, मी वापरतो. पण एकदा थेट शर्टावर ओतून चोळला तर डाग दुप्पट पसरला.

थानवाले_काका
ओतायचा नाही सर. डागाच्या खाली पांढरा सुती फडका ठेवा, वरून कापसाने सॅनिटायझर किंवा स्पिरिट टिपा. शाई खालच्या फडक्यात उतरते. फडक्याची जागा बदलत राहा, नाहीतर उतरलेली शाई परत वर येते. बॉलपेन आणि बोर्डाचा मार्कर असे निघतात. जेल पेनची शाई बहुतेक वेळा निघत नाही, तिथे मी आशा दाखवणार नाही. मृण्मयीताई, वह्या तपासायला लाल जेल पेनऐवजी लाल बॉलपेन घ्या, हाच त्यावरचा खरा उपाय.

मृण्मयी_इंदिरानगर
पेन बदललं.

वंदना_शिवणकाम
धुतल्यावर पिळू नका, ही माझी विनंती. पिळताना पडलेली सुरकुती तशीच वाळते. पाणी निथळू द्या, दोन्ही खांदे धरून दोन-तीनदा जोरात झटका, ओलाच हँगरवर अडकवा, गळपट्टी आणि बाजूचे कट हाताने ओढून सरळ करा. मिक्स कुर्ता पावसाळ्यातही पंख्याखाली रात्रीत वाळतो, पूर्ण सुती बदामी मात्र दुसरा दिवस घेईल. टेरीकॉट पॅन्टला इस्त्री उलट्या बाजूने करा किंवा वर पातळ सुती फडका टाका. थेट गरम इस्त्रीने गडद टेरीकॉटला चकाकी येते आणि ती परत जात नाही.

मृण्मयी_इंदिरानगर
पावसाळा अर्धा झाला, म्हणून परत लिहिते.

वार ठरवून टाकले आहेत. सोमवारी निळा-पांढरा, मंगळवारी मातकट गुलाबी, बुधवारी चौकडी, गुरुवारी बदामी, शुक्रवारी पुन्हा सोमवारचा, शनिवारी अर्धा दिवस पुन्हा मंगळवारचा. दोन्ही मिक्स कुर्ते आठवड्यात दोनदा येतात कारण ते लवकर वाळतात. बदामी पूर्ण सुती एकदाच, म्हणून त्याला वाळायला वेळ मिळतो. पॅन्ट दोन दिवस चालते, चिखल झाला तर एकच.

खडू जवळजवळ दिसत नाही. उंच कट केल्यापासून मागची बाजू खरंच सपाट राहते. वंदनाताई, तुमचे आभार. तपकिरी पॅन्टवर आमच्या रस्त्याचा चिखल वाळल्यावरही कळत नाही, सिमेंटीवर थोडा कळतो. आता वाटतं दोन्ही पॅन्टी तपकिरीच घ्यायला हव्या होत्या.

पण दोन गोष्टी राहिल्या. मिक्स कुर्त्याला काखेत वास धरतो, धुतल्यावरही पूर्ण जात नाही. आणि चौकडीवर हळदीचा एक डाग उन्हात धरूनही फिका दिसतोच आहे.

सुजाता_पंचवटी
वासाचं मी आधीच म्हटलं होतं! सुतीच घ्या.

थानवाले_काका
सुजाताताईंचं इथे बरोबर आहे, पॉलिस्टरला वास धरतो. मृण्मयीताई, धुण्याआधी कुर्ता उलटा करा आणि काखेच्या भागाला साबण आतून लावून थोडा वेळ ठेवा. घरी आल्यावर कुर्ता घडी करून टोपलीत टाकू नका, हँगरवर पंख्याखाली वाळवून मग टाका. तरी नाही गेला तर वंदनाताईंना सांगा, काखेत सुती पट्टी आतून लावता येते. मळली की ती बदलताही येते.

हळदीचा डाग लिक्विड लावून पुन्हा धुवा आणि पुन्हा ऊन द्या. ढगाळ दिवसांत तो तसाच राहतो, श्रावणातली उघडीप बघून करा.

वंदना_शिवणकाम
काखेची पट्टी लावता येईल, पण ती आधी पाण्यातून काढलेल्या मलमलीची हवी. जुन्या सुती साडीचा तुकडा असेल तर तोच घेऊन या, तो आणखी आखडणार नाही.

अनघा_देवळाली
थंडीत काय करणार आहेस? आपल्याकडे डिसेंबरात हवा इतकी कोरडी होते की माझी सिंथेटिक साडी पायाला चिकटते आणि खडूची पूडही तिला ओढली जाते. सुती परकर घातला की चिकटणं कमी होतं. तुझ्या टेरीकॉट पॅन्टीवर मिक्स कुर्ता, दोन्ही तसेच.

मृण्मयी_इंदिरानगर
हे डोक्यातच नव्हतं. काका, थंडीत खडू खरंच जास्त चिकटेल का?

थानवाले_काका
चिकटेल. जितकं पॉलिस्टर जास्त, तितका जास्त. त्या दोन महिन्यांत पूर्ण सुती बदामी आणि चौकडी जास्त फिरवा. घाम नसल्यामुळे एक कुर्ता मधे एक दिवस वारा देऊन दोनदा घालता येईल. आतून सुती स्लिप घातली तर मिक्सही चालेल. स्वेटर मात्र गडद लोकरीचा नको, तो खडूला सगळ्यात वाईट. बदामी किंवा राखाडी, आणि फळ्याजवळ बाह्या कोपरापर्यंत वर.